हरण्याचा लेख वाचणाऱ्याला बुकिंग नको असतं: लेखाच्या शेवटी काय मागावं

प्रश्न: आमची रावेर तालुक्यात केळीच्या टिश्यू कल्चर रोपांची नर्सरी आहे. वडील नर्सरी बघतात, मी केळीवर लेख लिहिते. हरण्या रोगावरचा लेख भरपूर वाचला जातो. प्रत्येक लेखाच्या शेवटी 'आजच रोपं बुक करा' असं लिहून नंबर देते, पण त्यावरून फोन जवळजवळ येतच नाहीत. ठळक अक्षरं, सवलत, 'मर्यादित साठा' हे सगळं करून झालं. लेखाचा शेवट नेमका कसा लिहायचा?

उत्तर:

ताई, हरण्याचा लेख कोण वाचतं, तिथून सुरुवात करू. ज्याच्या शेतात बाग उभी आहे आणि काल-परवा पोग्याच्या पानावर पिवळे पट्टे दिसलेत, तो हा लेख उघडतो. त्याला दोनच गोष्टी कळून घ्यायच्या असतात: हा हरण्याच आहे का, आणि असेल तर किती झाडं उपटावी लागतील. या घडीला रोपं विकत घेणं त्याच्या डोक्यात नाही, आणि असूही शकत नाही, कारण त्याचं रान रिकामं नाही. तुम्ही त्याला शेवटी 'बुक करा' म्हणता तेव्हा तो नकार देत नाही, नुसता पान बंद करतो. सवलत वाढवून किंवा अक्षरं मोठी करून यात काही बदलणार नाही.

लेखाच्या शेवटचं आवाहन म्हणजे वाचकाकडे केलेली एक मागणी असते. ती मागणी त्याच्या आजच्या जागेपासून एकच पाऊल पुढची असेल तर तो ते पाऊल टाकतो. वाचक किती पायऱ्यांवर असू शकतो याची मांडणी जाहिरातीच्या धंद्यात जुनी आहे. युजीन श्वार्ट्झ या अमेरिकन जाहिरात लेखकाने १९६६ साली पाच पायऱ्या सांगितल्या: ज्याला अडचणीची जाणीवच नाही, ज्याला अडचण कळली आहे, ज्याला उपाय असतो हे माहीत आहे, ज्याला तुमचा माल माहीत आहे, आणि ज्याला फक्त दर नि तारीख हवी आहे. नर्सरीसाठी पाच पायऱ्या लागत नाहीत, तीन पुरतात. पहिल्या पायरीवर बागेत अडचण आलेला शेतकरी. दुसऱ्यावर पुढच्या लागवडीला कंद लावावेत की टिश्यू, या विचारात असलेला. तिसऱ्यावर टिश्यूच घ्यायचं ठरवून कुठल्या नर्सरीतून घ्यायचं हे बघणारा. तुमचे बहुतेक लेख पहिल्या पायरीवरच्या माणसासाठी आहेत आणि सगळे शेवट तिसऱ्या पायरीवरच्या माणसासाठी.

आता हरण्याचाच लेख घेऊ. पहिल्या पायरीवरच सगळ्यात जास्त चुकतं, म्हणून तो पूर्ण उलगडतो. तुमच्यासारख्या लेखांचा शेवट साधारण असा असतो:

"हरण्यापासून कायमची मुक्ती हवी आहे? मग आजच आमची व्हायरसमुक्त टिश्यू कल्चर रोपं बुक करा. मर्यादित साठा. त्वरित संपर्क साधा."

घाईची मागणी हा यातला वरवरचा दोष आहे. खरा दोष असा की हा शेवट लेखातल्या माहितीच्याच विरोधात जातो. वर तुम्ही बरोबर लिहिलेलं असतं की हरण्या हा कुकुंबर मोझॅक विषाणूमुळे होतो, मावा तो एका झाडावरून दुसऱ्यावर नेतो, काकडीवर्गीय पिकं, टोमॅटो, मिरची आणि बांधावरचं तण यांत तो टिकून राहतो, आणि रोग लागलेल्या झाडावर औषध नाही. म्हणजे प्रयोगशाळेतून तपासून आलेलं निरोगी रोपसुद्धा शेतात मावा आला की आजारी पडू शकतं. उलट टिश्यूचं कोवळं रोप पहिल्या काही महिन्यांत या रोगाला जास्त बळी पडतं. ज्याने तुमचा लेख नीट वाचला त्याला हे कळलेलं असतं, आणि लगेच खाली तुम्ही 'कायमची मुक्ती' म्हणता. तिथे त्याचा लेखावरचा विश्वासही उडतो. यावलचा, रावेरचा शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या केळी करतोय. त्याला ही विसंगती लगेच दिसते.

मग त्याचं पुढचं पाऊल कोणतं? लेख वाचून झाल्यावर तो काय करणार आहे ते डोळ्यांसमोर आणा. उद्या सकाळी तो बागेत जाईल, शंका असलेली झाडं बघेल, आणि अडखळेल. लोह किंवा जस्त कमी पडलं तरी पान पिवळं पडतं, मग हे काय आहे? उपटून टाकलं आणि ती नुसती अन्नद्रव्याची कमतरता निघाली तर झाड फुकट गेलं. तसंच ठेवलं आणि हरण्या असला तर आजूबाजूची झाडं जातील. तो इथेच अडणार आहे, तेव्हा शेवट याच जागी लिहायचा. मी असा लिहीन:

"उद्या बागेत जाल तेव्हा शंका असलेल्या प्रत्येक झाडाला रंगीत दोरी बांधा. मग एका झाडाचे तीन फोटो काढा: सगळ्यात नवं पान उजेडाकडे धरून, पूर्ण झाड, आणि शेजारची चार झाडं दिसतील असा लांबून एक. हे तीन फोटो खालच्या नंबरवर व्हॉट्सअ‍ॅप करा. हरण्या वाटतो की अन्नद्रव्याची कमतरता, ते दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत लिहून कळवू. फोटोवरून सांगता येण्यासारखं नसेल तर तसंच सांगू आणि झाड कुणाला दाखवायचं तेही कळवू. रोपं विकण्यासाठी तुम्हाला फोन केला जाणार नाही."

यातली पहिली दोन वाक्यं तुमच्या नंबरशिवायही उपयोगी आहेत. कुणी फोटो पाठवला नाही तरी दोरी बांधली आणि झाडं नीट बघितली, तर लेखाचं काम झालं. लांबून काढलेला तिसरा फोटो मागण्यालाही कारण आहे. कमतरता असेल तर ती बहुधा पट्ट्याने, बऱ्याच झाडांवर सारखी दिसते. हरण्याची झाडं सुरुवातीला विखुरलेली, मधूनच एखादं अशी असतात. हा फरक एका पानाच्या फोटोत दिसत नाही. असं नेमकं मागितलं की समोरच्याला कळतं की उत्तर देणाऱ्याला बागेतलं कळतं. स्वतःबद्दल एक शब्दही न लिहिता तुमची जाणकारी तिथे पोचते.

पुढे काय होणार हे सांगणारी वाक्यं सगळ्यात महत्त्वाची. 'संपर्क साधा' वाचून शेतकरी थबकतो, कारण संपर्क केल्यावर काय होईल ते त्याला माहीत नसतं. कुणीतरी पोरगा रोज फोन करून 'भाऊ, किती रोपं लिहू?' विचारत बसेल ही भीती असते, आणि ती अनुभवातून आलेली असते. म्हणून उत्तर कोण देणार, कधीपर्यंत, कशात, आणि त्यानंतर त्याच्यामागे कुणी लागणार का, हे त्याच ओळीत सांगून टाका. 'फोन केला जाणार नाही' लिहिलंत तर तो खरंच करायचा नाही. नंबर मिळाला म्हणून महिन्याभराने जाहिरातीचा मेसेज टाकलात की ही गोष्ट पाराच्या गप्पांत पोचते, आणि मग फोटोही यायचे थांबतात.

फोटोंना उत्तर द्यायला घरात कुणाला वेळ नसेल तर हे वचन देऊच नका. पहिल्या पायरीला साजेसा दुसरा शेवटही आहे. हरण्यात बाग दर चार-पाच दिवसांनी फिरून बघावी लागते. एका फेरीत काम संपत नाही. मग एका पानाचा साधा तक्ता करा: तारीख, ओळ क्रमांक, किती झाडं शंकास्पद, किती उपटून नष्ट केली, बांधावरचं तण काढलं का, मावा दिसला का. शेवटी लिहा: "हा तक्ता फोनवर उतरवून घ्या आणि आज पहिली फेरी भरा. तिसऱ्या फेरीतही नवी झाडं सापडत असतील तर जळगावच्या केळी संशोधन केंद्रात किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात बाग दाखवा." इथे तुम्ही वाचकाला दुसरीकडे पाठवता आहात, आणि ते योग्यच आहे. तक्त्याच्या खालच्या कोपऱ्यात नर्सरीचं नाव बारीक अक्षरांत असू द्या. बाग संपेपर्यंत तो कागद त्याच्यासोबत राहतो.

दुसऱ्या पायरीवरचा वाचक वेगळा. 'कंद लावावेत की टिश्यू' हा लेख तो उघडतो तेव्हा त्याचा माल कापणीला आलेला असतो किंवा रान मोकळं झालेलं असतं. त्याला दोन्ही पर्याय माहीत आहेत. शेजाऱ्याच्या निरोगी बागेतून कंद स्वस्तात मिळतात. रोपाला पैसे जास्त लागतात, पण कंदाबरोबर सूत्रकृमी आणि सोंडकिडा येण्याची जोखीम नसते, बाग एकसारखी निसवते, आणि चांगली निगा असेल तर साधारण अकरा-बारा महिन्यांत माल निघतो. कंदाच्या बागेला यापेक्षा बराच जास्त वेळ लागतो. हे सगळं तुम्ही लेखात सांगितलंत तरी त्याचा निर्णय होत नाही, कारण त्याच्या रानाचा हिशेब त्यात नसतो. त्याची ठिबक बसवलेली आहे का, कापणी कुठल्या महिन्यात यायला हवी, पिलबाग ठेवणार की नाही, यावर उत्तर बदलतं.

तेव्हा इथे हिशेबाचा कागद द्यायचा. त्यात दोन रकाने: कंद आणि टिश्यू. ओळी अशा: एकरी किती लागतील, एकाचा खर्च, वाहतूक, मर म्हणून पुन्हा लावायची टक्केवारी, लागवडीपासून कापणीपर्यंतचे महिने, तेवढे महिने रान अडकल्यामुळे पाण्याचा आणि खतांचा वाढणारा खर्च. तुमचा दर आधीच भरून ठेवू नका, जागा कोरी सोडा. तो दोन-तीन नर्सऱ्यांना विचारून स्वतः भरेल, आणि तसंच व्हायला हवं. शेवट असा: "हा कागद तुमच्या आकड्यांनी भरा. एखाद्या ओळीत अडलात तर तेवढीच ओळ आम्हाला विचारा." कंदच परवडतो असं उत्तर निघालं तर त्याला कंद लावू द्या. ज्याला रोपं परवडत नव्हती त्याला रोपं दिली तर पुढच्या वर्षी तोच गावभर सांगत फिरतो.

हिशेब पटला पण मन होत नाही, असेही लोक याच पायरीवर असतात. आपल्याकडे केळीचा निर्णय वाचून कमी आणि बघून जास्त होतो. त्यांच्यासाठी बाग दाखवण्याचा शेवट चालतो: "निसवलेली टिश्यूची बाग बघायची असेल तर तुमचा तालुका कळवा. जवळच्या एखाद्या शेतकऱ्याला विचारून, ते हो म्हणाले तर वेळ ठरवून देऊ." अर्धा दिवस मोडून जायला सांगणं ही मोठी मागणी आहे. हरण्याच्या लेखाखाली ती केली तर कुणी येणार नाही. इथे केली तर येतात, कारण या माणसाला तसंही कुणाची तरी बाग बघायचीच होती. ज्यांची बाग दाखवणार त्यांची परवानगी मात्र दर वेळी घ्या.

तिसऱ्या पायरीवर उलट चूक होते, आणि ती सहसा लक्षात येत नाही. 'विकू नका, मदत करा' हे एकदा डोक्यात बसलं की लोक सगळेच शेवट मऊ करून टाकतात. 'रोपं उतरवून घेताना काय तपासावं' हा लेख जो वाचतो, त्याचं घ्यायचं ठरलेलं आहे. रोप साधारण फूटभर उंच असावं, पाच-सहा निरोगी पानं असावीत, पिशवीतली मुळं पांढरी आणि भरलेली असावीत, दुसऱ्या टप्प्याचं हार्डनिंग पूर्ण झालेलं असावं, विषाणू तपासणीचं प्रमाणपत्र कोणत्या लॉटचं आहे ते बघावं. एवढं वाचून झालेल्या माणसाला तुम्ही 'केळीविषयी अधिक माहितीसाठी आमचे इतर लेख वाचा' म्हटलंत तर तो दुसऱ्या नर्सरीला फोन लावतो. इथे स्पष्ट मागायचं:

"गाव, क्षेत्र, लागवडीचं अंतर आणि कुठल्या आठवड्यात लावायचं, या चार गोष्टी पाठवा. किती रोपं लागतील, गाडीभाड्यासह पोच दर किती, त्या आठवड्यात रोपं तयार असतील का, आणि त्या लॉटचं प्रमाणपत्र, हे एकाच मेसेजमध्ये पाठवू. दर ऐकून नको वाटलं तर तसं कळवायचीही गरज नाही."

या चार गोष्टी मागण्यामागे हिशेब आहे. समजा तीन एकर आहे आणि अंतर पाच बाय पाच फूट. एकराचे ४३,५६० चौरस फूट भागिले २५, म्हणजे एकरी १,७४२ रोपं, तीन एकराला ५,२२६. नांग्या भरायला पाच टक्के धरली तर अजून २६१, म्हणजे साधारण ५,५००. अंतर सहा बाय पाच असेल तर एकरी १,४५२ वरच काम भागतं. 'दर काय?' या एका प्रश्नाला नुसता आकडा पाठवला की तो आकडा दुसऱ्या नर्सरीच्या आकड्याशी तोलला जातो आणि बोलणं तिथेच संपतं. त्याच्या रानाचा पूर्ण हिशेब पाठवला की बोलण्यासारखं काहीतरी असतं.

घाईचा मुद्दाही इथेच येतो. 'मर्यादित साठा' काढून टाका, पण खरी मुदत असेल तर ती जरूर सांगा. शेडनेटमध्ये दुसऱ्या टप्प्याचं हार्डनिंग व्हायला दीड-दोन महिने जातात. जूनच्या मृगबागेसाठी हवं असेल तर एप्रिलमध्ये संख्या ठरवावी लागते, कांदेबागेसाठी ऑगस्टच्या सुमारास. असं कारण देऊन लिहा: "जूनच्या तिसऱ्या आठवड्यात लावायचं असेल तर १५ एप्रिलपर्यंत संख्या कळवा, कारण त्यानंतर शेडमध्ये घातलेली रोपं तेव्हा लावण्याजोगी झालेली नसतील." शेतकऱ्याला हे वेळापत्रक माहीत असतं, त्यामुळे पटतं. मुदत उलटून गेली की मात्र ती ओळ त्याच दिवशी काढा. जुलैत १५ एप्रिलची मुदत दिसली तर बाकी मजकुरावरही धूळ बसल्यासारखी वाटते.

यावरून एक गोष्ट निघते: वाचकाची पायरी ऋतूप्रमाणे सरकते. लागवडीच्या अंतरावरचा तुमचा लेख मार्चमध्ये वाचणारा विचारात असतो, मे महिन्यात वाचणारा खड्ड्यांची आखणी करत असतो. मजकूर तोच, शेवट दोन हवेत. हरण्याच्या लेखाचा फोटोचा शेवट जून ते सप्टेंबर ठेवा, ढगाळ आणि दमट हवेत तेव्हाच रोग जास्त दिसतो. थंडीत तोच लेख उघडणारा बहुधा पुढच्या लागवडीची तयारी करत असतो. त्याच्यासाठी 'लागवडीआधी बांधावरचं आणि शेजारचं काय काय काढायचं' ही यादी जास्त कामाची. वर्षातून तीन-चार वेळा शेवट बदलायला फार वेळ लागत नाही.

तुम्ही विचाराल, एकाच लेखाला वेगवेगळ्या पायऱ्यांवरचे लोक येतात त्याचं काय? येतात. पण शेवटी तीन मागण्या रचल्या, फोटो पाठवा, कागद उतरवा, रोपं बुक करा, तर वाचक एकही करत नाही. ज्या प्रश्नासाठी लेख उघडला जातो त्याच प्रश्नाच्या माणसासाठी शेवट लिहा. दर हवा असलेल्यासाठी पानाच्या अगदी तळाशी, शेवटापासून वेगळी, 'रोपांचे दर आणि उपलब्धता' एवढीच ओळ कायम असू द्या. ज्याला घ्यायचंच आहे तो ती शोधून काढतो. बाकीच्यांना तिचा त्रास होत नाही.

कोणता वाचक कोणत्या प्रश्नासाठी येतो हे अंदाजाने ठरवू नका. गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये एकेका लेखाचं पान निवडून लोक काय टाइप करून आलेत ते बघा. 'केळी पान पिवळे पडणे उपाय' असं टाइप करणारा पहिल्या पायरीवर, 'टिश्यू कल्चर केळी रोप दर' टाइप करणारा तिसऱ्या. कधी कधी शीर्षक एक सांगतं आणि शोध दुसरंच. तेव्हा शोधावर विश्वास ठेवा.

नंतर काम होतंय की नाही हे कळायला प्रत्येक लेखाला वेगळी व्हॉट्सअ‍ॅप लिंक द्या, ज्यात पहिला मेसेज आधीच लिहिलेला असेल. नंबर देशाच्या क्रमांकासह, अधिकचं चिन्ह आणि सुरुवातीचं शून्य न टाकता, आणि शब्दांमधली जागा `%20` ने भरायची:

```
https://wa.me/91XXXXXXXXXX?text=हरण्या%20फोटो%20तपासणी
https://wa.me/91XXXXXXXXXX?text=गाव%20क्षेत्र%20अंतर%20आठवडा
```

मेसेज आला की तो कुठल्या लेखावरून आला ते वाचताच कळतं. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस वापरत असाल तर त्याला लेबल लावून ठेवा. मग लोक त्या तयार मेसेजपुढे काय लिहितात ते बघा. माझ्या मते फोनच्या संख्येपेक्षा हे जास्त सांगतं. हरण्याच्या लिंकवरून तीन फोटो आणि 'बागेत पंधरा झाडं अशी आहेत' असं आलं, तर शेवट जुळला. त्याच लिंकवरून पुन्हा पुन्हा 'रोप कितीला?' येत असेल तर दोनपैकी एक: शेवट अजून विक्रीसारखा वाचला जातोय, किंवा वाचक तुम्ही समजलात त्याच्या पुढे गेलेला आहे. कोणतं ते शोधाचे शब्द बघून ठरतं. दराच्या लेखावरून 'टिश्यू म्हणजे नेमकं काय?' असं विचारणारे आले तर तो लेख चुकीच्या लोकांपर्यंत पोचतोय. तिथे शेवट बदलून उपयोग नाही, शीर्षक बदला. आणि फोटो येतात, पण अंधुक, एकेकच, काही न लिहिता येत असतील तर मागणी अजून मोठी आहे. तीनऐवजी एकच फोटो मागून बघा.

विक्रीचा निकाल लगेच दिसणार नाही, हे वडिलांना आधीच सांगून ठेवा. केळीवाला रोपांचा निर्णय वर्षातून एकदा, फार तर दोनदा घेतो. जुलैत ज्याने पानाचा फोटो पाठवला तो पुढच्या मृगालाच गिऱ्हाईक होऊ शकतो. म्हणून एप्रिलमध्ये संख्या पाठवणाऱ्यांत लेबल लावलेले किती आहेत ते तपासा. त्याआधी महिन्या-दोन महिन्यांच्या आकड्यांवरून काही ठरवू नका.

आणि एक मर्यादा. हरण्याचा लेख सोलापूरचा, आंध्रचा शेतकरीही वाचतो. त्यांच्यापैकी कुणीच तुमच्याकडून रोपं नेणार नाही, तरीही फोटो पाठवतील. सगळ्यांना उत्तर देणं झेपत नसेल तर शेवटातच लिहा, 'जळगाव आणि बुऱ्हाणपूर जिल्ह्यांतल्या बागांचे फोटो आम्ही बघतो', आणि बाकीच्यांसाठी तक्त्याची लिंक द्या. गुपचूप उत्तर न देण्यापेक्षा हे बरं.

सगळे लेख एकदम बदलू नका. आधी हरण्याचा घ्या, तोच जास्त वाचला जातो. नवा शेवट टाकण्याआधी फोटोंना संध्याकाळी उत्तर कोण लिहिणार, तुम्ही की वडील, हे ठरवा, आणि ज्या दिवशी दोघांनाही जमणार नाही त्या दिवशी काय करायचं तेही. मग रोपं तपासण्याच्या लेखाखाली चार गोष्टींची मागणी लावा. कंद-टिश्यूच्या लेखाला हात लावायच्या आधी हिशेबाचा तो कागद ओळखीच्या एक-दोन शेतकऱ्यांकडून भरून घ्या. ते ज्या ओळीत अडतील ती ओळ सोपी करा आणि मगच तो कागद लेखाखाली ठेवा.